दोन विहिरींच्या मधलं पाणी: सेमीव्हेरिओग्रॅम कसा वाचायचा आणि क्रिगिंग कधी वापरायचं

पावसाळा सरला की ऑक्टोबरमधल्या पाणीपातळीच्या नोंदी येतात, आणि पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांचे रंगीत नकाशे वर्तमानपत्रांत दिसू लागतात. हिरवा भाग बरा, पिवळा काळजीचा, लाल टंचाईचा. मग ग्रामसभेत कोणीतरी रास्त प्रश्न विचारतं: आमच्या शिवारात सरकारी निरीक्षण विहीरच नाही, तर आमच्या गावावर लाल रंग कोणी ओतला?

मोजमाप खरं असतं, पण ते फक्त विहिरीच्या ठिकाणी होतं. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. दोन विहिरींच्या मधल्या काही किलोमीटरमध्ये कोणीही टेप सोडलेला नसतो. तिथला रंग हा अंदाज असतो, आणि तो कुठल्या पद्धतीने काढला यावर गाव लाल पट्ट्यात पडतं की पिवळ्या, हे ठरू शकतं. या पद्धतींपैकी क्रिगिंग सगळ्यांत भारदस्त मानली जाते. ती कधी खरोखर उपयोगी पडते आणि कधी नुसता थाट असतो, हे एका साध्या आलेखावरून बरंचसं कळतं.

## मधल्या जागा भरायच्या साध्या पद्धती

सगळ्यांत सोपी पद्धत म्हणजे प्रत्येक जागेला तिच्या सर्वांत जवळच्या विहिरीचा आकडा देणं. यात तालुक्याचे बहुकोनी तुकडे पडतात आणि तुकड्याच्या सीमेवर पातळी एकदम उडी मारते. पाणी असं वागत नाही, म्हणून बहुतेक लोक पुढच्या पायरीवर जातात: आजूबाजूच्या विहिरींची सरासरी घ्यायची, पण जवळच्या विहिरीला जास्त वजन द्यायचं. या पद्धतीला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आयडीडब्ल्यू म्हणतात. प्रचलित नियमात वजन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे दुप्पट दूरच्या विहिरीला पाव वजन.

आयडीडब्ल्यू वाईट नाही. तिच्यात एक गोष्ट मात्र आधीच ठरवून टाकलेली असते, ती म्हणजे अंतर वाढताना विहिरींचं नातं कसं विरळ होत जातं. वर्गच का? घन का नाही? आणि तापीच्या गाळाच्या पट्ट्यात जो घातांक लावला, तोच सह्याद्रीच्या पायथ्याच्या कातळातही का? पद्धत हे विचारत नाही. तिचं दुसरं लक्षण नकाशावर डोळ्यांनी दिसतं. प्रत्येक विहिरीभोवती गोल गोल कडी उमटतात, जणू पाणी विहीर बघून वर-खाली होतंय.

## विहिरींनाच विचारायचं

नातं किती अंतरापर्यंत टिकतं हे गृहीत न धरता विहिरींच्या नोंदींतूनच काढता येतं. त्यासाठी जो आलेख काढतात त्याचं नाव सेमीव्हेरिओग्रॅम.

उदाहरण म्हणून साधारण २० बाय १५ किलोमीटरचं एक पाणलोट क्षेत्र घेऊ. त्यात ६० उघड्या विहिरी आहेत आणि सगळ्यांची मे महिन्यातली पाण्याची खोली एकाच आठवड्यात मोजली आहे. (हे आकडे समजावण्यासाठी मी रचले आहेत, पण त्यांच्यावर केलेला हिशेब तुम्ही पडताळून पाहू शकता.) ६० विहिरींच्या १,७७० जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी दोन गोष्टी लिहायच्या: दोघींमधलं अंतर, आणि दोघींच्या पाण्याच्या खोलीतल्या फरकाचा वर्ग, निम्मा करून. एक विहीर ७ मीटरवर आणि दुसरी ९ मीटरवर असेल तर फरक २, वर्ग ४, निम्मा २. एकक अर्थातच चौरस मीटर.

मग अंतराप्रमाणे जोड्यांचे गट करायचे. शून्य ते एक किलोमीटरवाल्या जोड्या एका गटात, एक ते दोनवाल्या दुसऱ्यात, असं पुढे. प्रत्येक गटाची सरासरी काढायची आणि आडव्या अक्षावर अंतर, उभ्या अक्षावर ही सरासरी, असे ठिपके मांडायचे. आपल्या उदाहरणात ते असे येतात:

| अंतराचा गट (किमी) | जोड्या | सरासरी (चौ. मी.) |
|---|---|---|
| ० ते १ | २४ | २.६ |
| १ ते २ | ५१ | ३.८ |
| २ ते ३ | ८४ | ५.९ |
| ३ ते ४ | ११५ | ७.० |
| ४ ते ५ | १४३ | ८.५ |
| ५ ते ६ | १६८ | ८.८ |
| ६ ते ७ | १९० | ९.१ |

जवळच्या विहिरी सारख्या, दूरच्या वेगळ्या, हे कोणताही शेतकरी सांगेल. ‘जवळ’ म्हणजे नेमकं किती आणि ‘वेगळ्या’ म्हणजे किती मीटरने, हे या तक्त्यातून कळतं.

## आलेखातल्या तीन जागा

ठिपक्यांमधून एक गुळगुळीत वक्र बसवला की तीन जागा पाहायच्या.

वक्र ज्या उंचीवर सपाट होतो तिला सिल म्हणतात. आपल्याकडे ती ९ चौरस मीटर आहे. तिचं वर्गमूळ ३ मीटर. म्हणजे शेजाऱ्यांची काहीच मदत न घेता, नुसती सगळ्या क्षेत्राची सरासरी कुठल्याही जागेसाठी सांगितली, तर साधारण ३ मीटरची चूक होईल. कुठलीही पद्धत वापरा, तिने यापेक्षा बरं काम केलं पाहिजे. नाहीतर नकाशा कशाला काढायचा?

वक्र ज्या अंतरावर सपाट होतो त्याला रेंज म्हणतात. आपल्याकडे ती सुमारे ६ किलोमीटर आहे. त्यापलीकडची विहीर आपल्या जागेबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. नकाशा काढण्याआधी हा आकडा विहिरींमधल्या सरासरी अंतराशी ताडून पाहावा. ३०० चौरस किलोमीटरमध्ये ६० विहिरी, म्हणजे दर ५ चौरस किलोमीटरला एक, म्हणजे साधारण सव्वादोन किलोमीटरवर पुढची विहीर. रेंज त्याच्या अडीचपटीहून जास्त आहे. इथे मधल्या जागांबद्दल बोलायला आधार आहे. हीच रेंज दीड किलोमीटर असती, तर बहुतेक जागा सगळ्या विहिरींच्या हाकेपलीकडे राहिल्या असत्या.

तिसरी जागा म्हणजे वक्र मागे खेचत नेला की तो उभ्या अक्षाला जिथे भेटतो ती. तिला नगेट म्हणतात. हा शब्द सोन्याच्या खाणीतून आला: एका नमुन्यात सोन्याचा खडा सापडतो आणि हातभर अंतरावरच्या नमुन्यात काहीच नसतं. आपल्या आलेखात नगेट सुमारे १ चौरस मीटर आहे. विहिरी अगदी शेजारी असत्या तरी त्यांच्यात जो फरक राहिला असता तो हा. त्यात मोजण्यातली चूक असते आणि दोन विहिरींच्या अंतराहून लहान, म्हणून आपल्याला न दिसणारे खरे बदलही असतात. दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेले असतात, आणि नुसत्या आलेखावरून वेगळे काढता येत नाहीत.

आता जोड्यांचा स्तंभ बघा. पहिल्या गटात २४च जोड्या आहेत. एका ठिपक्यामागे निदान ३० जोड्या असाव्यात असा कामचलाऊ नियम आहे, म्हणजे हा ठिपका डळमळीत आहे. आणि नगेट नेमका त्याच्यावर टेकलेला असतो! उजव्या टोकाचे ठिपकेही फसवे असतात, कारण फार दूरच्या जोड्या क्षेत्राच्या दोन टोकांच्या मोजक्या विहिरींतूनच बनतात. म्हणून सर्वांत लांब अंतराच्या निम्म्याच्या पुढे आलेख वाचू नये. इथे तिरकं अंतर २५ किलोमीटर आहे, तर १२ किलोमीटरला थांबायचं.

## एक बोअर सगळा आलेख बिघडवते

आलेख बघून हुरळण्याआधी नोंदवही बघावी, असं मी आग्रहाने सांगेन. फरकाचा वर्ग होत असल्यामुळे एक चुकीचा आकडा भयंकर किंमत वसूल करतो.

समजा उघड्या विहिरींच्या यादीत एक बोअर घुसली. आजूबाजूला पाणी ८ मीटरवर आणि हिची नोंद ३१ मीटर. फरक २३, वर्ग ५२९. पहिल्या गटातल्या २४ जोड्यांपैकी दोन जोड्यांत ही बोअर असेल आणि बाकीच्या २२ जोड्या पूर्वीसारख्याच असतील, तर त्या गटाची सरासरी २.६ वरून २४.४ वर जाते. पुढचे गट जोड्या जास्त असल्यामुळे कमी बिघडतात. परिणामी आलेख डावीकडे उंच आणि उजवीकडे खाली असा उलटा दिसतो, आणि पाहणारा म्हणतो, ‘इथे शेजारपणाला काही अर्थच नाही.’ शेजारपण शाबूत आहे. उघडी विहीर मुरुमाच्या आणि झिजलेल्या कातळाच्या वरच्या थरातलं पाणी दाखवते, तर बोअर खालच्या भेगांतलं. दोन निराळे जलधर एका आलेखात मिसळू नयेत.

बाकीचे घोटाळे कमी नाट्यमय असतात. पाण्याची खोली कोणी कठड्यावरून मोजतं, कोणी जमिनीपासून. कठडा पाऊण मीटरचा असेल तर तेवढा फरक फुकटचा शिरतो आणि नगेट फुगतो. पंप नुकताच बंद केलेल्या विहिरीची पातळी खरी नसते. आणि मे महिन्यात सगळ्यांत त्रासदायक म्हणजे कोरडी विहीर. ती यादीतून गाळली तर नकाशा खोटा आशावादी होतो, कारण जिथे पाणी सर्वांत खोल गेलं तिथलीच नोंद नाहीशी झाली. तिच्या तळाची खोली लिहिली, तर तोही खरा आकडा नाही. पाणी ‘निदान इतकं खोल’ एवढंच त्यातून कळतं. अशा विहिरी मोजक्या असतील तर नकाशावर वेगळ्या खुणेने दाखवाव्यात. पाचातली एक विहीर कोरडी असेल, तर साध्या क्रिगिंगने त्या महिन्याचा नकाशा काढूच नये.

## वजनं ठरतात कशी

दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींसाठी डॅनी क्रीग या अभियंत्याने १९५१ मध्ये हा विचार मांडला. फ्रान्सच्या जॉर्ज मातेराँ यांनी १९६० च्या दशकात त्याला गणिती पाया दिला आणि क्रीग यांचंच नाव दिलं. गाभा असा: अंदाज ही शेजारच्या नोंदींची वजनदार सरासरीच, पण वजनं सेमीव्हेरिओग्रॅमवरून काढायची, आणि अशी काढायची की अपेक्षित चूक कमीत कमी राहील.

फरक कुठे पडतो ते तीन विहिरींवर पाहू. आपल्याला एका वस्तीखालच्या पाण्याची खोली हवी आहे. वस्तीच्या पश्चिमेला दोन किलोमीटरवर दोन विहिरी आहेत, एकमेकींपासून अवघ्या ४०० मीटरवर. त्यांत पाणी ६ आणि ६.४ मीटरवर आहे. पूर्वेला दोन किलोमीटरवर एकच विहीर, पाणी १२ मीटरवर.

तिन्ही सारख्याच अंतरावर, म्हणून आयडीडब्ल्यू तिघींना सारखं वजन देते. उत्तर ८.१ मीटर.

क्रिगिंग आणखी एक गोष्ट बघतं: विहिरींचं आपापसातलं अंतर. एका घरातल्या दोघा भावांनी बैठकीत एकच मत मांडलं, तर ती दोन स्वतंत्र मतं धरायची का? पश्चिमेच्या विहिरी त्या दोघा भावांसारख्या आहेत. वरच्या आलेखाचा वक्र (नगेट १, सिल ९, रेंज ६ किलोमीटर, ‘स्फेरिकल’ नावाचा नेहमीचा आकार) वापरला तर विहिरींमधलं मूल्य ४०० मीटरला १.८, २ किलोमीटरला ४.८५ आणि ४ किलोमीटरला ७.८ येतं. वजनांची बेरीज एक असली पाहिजे या अटीसह समीकरणं सोडवली, की पश्चिमेच्या विहिरींना प्रत्येकी साडेसव्वीस टक्के आणि पूर्वेच्या एकटीला ४७ टक्के वजन मिळतं. उत्तर ८.९ मीटर.

पाऊण मीटरचा फरक थोडा वाटेल. पण पश्चिमेला दोनाऐवजी दहा विहिरी असत्या, तर आयडीडब्ल्यूचं उत्तर जवळपास पूर्ण पश्चिमेकडे झुकलं असतं. आपल्याकडे नेमकं असंच होतं. मोजलेल्या विहिरी गावाजवळ, रस्त्याकडेला आणि नाल्याच्या काठाला दाटीने असतात; डोंगराकडच्या वाडीकडे एखादीच. क्रिगिंगचा सगळ्यांत ठोस फायदा मला विचाराल तर हाच आहे.

## सोबत येणारी चूक, आणि तिची मर्यादा

क्रिगिंग अंदाजाबरोबर त्याची अनिश्चितताही देतं. वरच्या उदाहरणात ती २.४ मीटर येते. म्हणजे ‘८.९ मीटर’चं खरं वाचन ‘साधारण साडेसहा ते सव्वाअकरा मीटर’ असं आहे, आणि तीनातल्या एखाद्या वेळी त्याच्याही बाहेर. टंचाईची रेषा १० मीटरवर आखली असेल, तर ही वस्ती आत की बाहेर, हे तीन विहिरींवरून सांगता येत नाही. आयडीडब्ल्यूचा ८.१ हा आकडा तेवढाच हलता असतो, पण तो तसं सांगत नाही.

मात्र ही २.४ मीटर कुठून आली ते लक्षात घ्या. तिच्या हिशेबात विहिरींची अंतरं आणि वक्र एवढंच आहे. पाण्याच्या नोंदी कुठेच नाहीत. पूर्वेच्या विहिरीत १२ ऐवजी २० मीटर नोंद असती, तरी हा वक्र कायम ठेवल्यास उत्तर २.४ च आलं असतं. म्हणजे अनिश्चिततेचा नकाशा ‘विहिरी कुठे विरळ आहेत’ हे छान दाखवतो, पण ‘इथे जमीन अचानक बदलते’ हे त्याला कळत नाही.

## ‘मग नेहमी क्रिगिंगच का नको?’

पुस्तकं सांगतात की क्रिगिंग हा सर्वोत्तम अंदाज आहे. ते खरं आहे, पण सेमीव्हेरिओग्रॅम खरा असेल तरच. तो चुकीचा बसवला तर सर्वोत्तमपणा कागदावर राहतो. आणि संगणकाने आपोआप बसवलेला वक्र डोळ्यांखालून न घालता वापरणं ही सर्रास दिसणारी चूक आहे.

आलेखाचे दोन चेहरे ओळखायला शिका. पहिला: ठिपके पहिल्यापासूनच सिलच्या उंचीवर आडवे. म्हणजे नगेटच सगळा आलेख व्यापून आहे. अशा वेळी क्रिगिंग आजूबाजूच्या सगळ्या विहिरींना सारखं वजन देतं, म्हणजे साधी सरासरी सांगतं, आणि नकाशा एकरंगी होतो. आयडीडब्ल्यू त्याच नोंदींतून उठावदार, रंगीत नकाशा काढून देते; पण तो उठाव बनावट असतो. अशा वेळी विहिरींचे ठिपके आकड्यांसह छापावेत आणि मधली जागा कोरी ठेवावी.

दुसरा चेहरा आपल्या उदाहरणासारखा: नगेट सिलच्या पाव हिश्श्याहून कमी, रेंज विहिरींच्या सरासरी अंतराच्या दुपटीहून जास्त, विहिरी पन्नास-साठच्या पुढे, शंभरच्या आसपास असल्या तर उत्तम. इथे क्रिगिंग करून बघण्यात अर्थ आहे. यातही विहिरी सगळीकडे सारख्या अंतरावर आणि दाट असतील, तर आयडीडब्ल्यू आणि क्रिगिंग यांची उत्तरं इतकी जवळ येतात की केवळ नकाशासाठी एवढा खटाटोप करायला नको.

शेवटचा कौल चाचणी देते. एक विहीर लपवायची, उरलेल्यांवरून तिचा अंदाज काढायचा, खऱ्या नोंदीशी ताडायचा. असं प्रत्येक विहिरीसाठी. मग चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ घ्यायचं. आर या मोफत प्रणालीत हे काही ओळींत होतं:

```r
library(gstat)
v <- variogram(depth ~ 1, wells, width = 1000, cutoff = 12000)
m <- fit.variogram(v, vgm(psill = 8, model = "Sph", range = 6000, nugget = 1))
k <- krige.cv(depth ~ 1, wells, m)
i <- krige.cv(depth ~ 1, wells, set = list(idp = 2))
sqrt(mean(k$residual^2)); sqrt(mean(i$residual^2))
mean(k$zscore^2)
```

त्याआधी विहिरींची ठिकाणं अक्षांश-रेखांशांवरून मीटरमध्ये बदलून घ्यावीत. पश्चिम आणि मध्य महाराष्ट्रासाठी EPSG:32643 ही निर्देशांक पद्धत चालते, ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला EPSG:32644.

समजा आयडीडब्ल्यूची चूक २.३ मीटर आली आणि क्रिगिंगची २.०. सिलवरून आपल्याला ठाऊक आहे की नुसत्या सरासरीची चूक ३ मीटर. क्रिगिंग जिंकलं, पण फार मोठ्या फरकाने नाही. २.३ विरुद्ध २.२ असेल, तर मी आयडीडब्ल्यू ठेवीन, कारण ती ग्रामसभेत दोन मिनिटांत समजावता येते. शेवटच्या ओळीत प्रत्येक चूक क्रिगिंगने सांगितलेल्या अनिश्चिततेने भागून त्याच्या वर्गांची सरासरी काढली आहे; तो आकडा एकच्या आसपास हवा. तो सव्वादोन आला, तर क्रिगिंग आपली अनिश्चितता दीडपट कमी सांगतंय, आणि वक्र पुन्हा बसवायला हवा.

या चाचणीतही एक खोच आहे. घोळक्यातली विहीर लपवली तरी तिची ४०० मीटरवरची शेजारीण उरतेच, त्यामुळे परीक्षा सोपी जाते. प्रश्न तर मोकळ्या पट्ट्याचा असतो. म्हणून एकेक विहीर न लपवता अख्खा घोळका एकदम लपवून बघावा. दोन्ही पद्धतींच्या चुका वाढतील, आणि ज्या आकड्यावर निर्णय घ्यायचा तो हा.

## ठिपके चढतच गेले तर

कधी कधी आलेख सपाट होतच नाही; अंतर वाढेल तसा चढतच जातो. याचा अर्थ क्षेत्राला एक मोठा उतार आहे आणि तो शेजारपणाच्या हिशेबात मिसळला आहे.

यात बरेचदा मूळ निवड चुकलेली असते. ‘पाण्याची खोली’ आणि ‘समुद्रसपाटीपासून पाण्याची उंची’ या दोन वेगळ्या राशी आहेत. डोंगराकडची विहीर ६४० मीटर उंचीवर, पाणी ९ मीटर खोल. नदीकाठची ५६० मीटरवर, पाणी ६ मीटर खोल. खोलीतला फरक ३ मीटर, पण पाण्याच्या उंचीतला ७७ मीटर, कारण पाणी जमिनीच्या उतारामागोमाग जातं. पाणी कुठून कुठे वाहतं हे हवं असेल तर उंचीच घ्यावी लागते. पण विहीर किती खणावी लागेल, टँकर कुठे लागेल, हा प्रश्न असेल, तर उंचीचा नकाशा काढून तो जमिनीच्या उंचीतून वजा करण्यात धोका आहे. उपग्रहाच्या उंचीनकाशात काही मीटरची चूक असते आणि ती सरळ उत्तरात उतरते. एखाद्या नाल्यात पाणी जमिनीच्या दोन मीटर वर तरंगताना दिसतं. खोलीचाच नकाशा हवा असेल तर खोलीवरच काम करावं. खोलीतही उतार दिसला, तर जमिनीची उंची किंवा नाल्यापासूनचं अंतर यांच्याशी तिचं नातं आधी काढून घ्यावं आणि उरलेल्या फरकाचा सेमीव्हेरिओग्रॅम काढावा. संगणकात `depth ~ 1` च्या जागी `depth ~ elev` लिहिलं की तेच होतं. जिथे विहिरी विरळ आहेत पण जमिनीची उंची सगळीकडे माहीत आहे, तिथे क्रिगिंगची ही आवृत्ती आयडीडब्ल्यूला बरंच मागे टाकू शकते. साध्या आयडीडब्ल्यूला अशी जोड देण्याची सोय नाही.

## ‘कातळात हे चालतं तरी का?’

हा आक्षेप भूजलवाल्यांकडूनच येतो आणि तो दमदार आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्क्यांहून जास्त भाग बसाल्टचा. त्यात पाणी भेगांत, लाव्हाच्या थरांच्या सांध्यांत आणि वरच्या मुरुमात असतं. एका बांधावर विहिरीला पाणी आणि पलीकडच्या शेतात ठणठणाट, हे सगळ्यांनी पाहिलेलं.

म्हणूनच आलेख आधी काढायचा. तापी-पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात पाणी वाळू-मातीच्या सलग थरांत असतं. तिथे रेंज लांब आणि नगेट लहान मिळण्याची आशा धरता येते. नदीच्या दिशेने आणि आडव्या दिशेने असे दोन आलेख वेगवेगळे काढले, तर नदीच्या दिशेने रेंज जास्त लांब दिसू शकते, आणि क्रिगिंग तो फरक वजनांत घेऊ शकतं. बसाल्टमध्ये उघड्या विहिरींचा मुरुमातला थर बऱ्यापैकी सलग असतो, त्यामुळे तिथेही काही किलोमीटरची रेंज मिळते. खोल बोअरच्या नोंदींत ती बहुधा मिळत नाही, आणि आडवा आलेख तसं स्पष्ट सांगतो.

आलेख जे सांगत नाही ते म्हणजे भिंती. धुळे-नंदुरबारकडे जमिनीत डाइकच्या, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या, लांबच लांब भिंती आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम दिशेने. काही डाइक पाणी अडवतात, आणि मग दोन बाजूंच्या शेजारी विहिरींत मोठा फरक राहतो. क्रिगिंग त्या भिंतीवरून निर्धास्त सरासरी काढत जातं. हे ओळखायचं कसं? चाचणीतल्या चुका नकाशावर मांडा. एका रेषेच्या उत्तरेला सगळे अंदाज जास्त आणि दक्षिणेला सगळे कमी येत असतील, तर भूशास्त्रीय नकाशा उघडा. तिथे डाइक सापडला, तर दोन्ही बाजूंचे नकाशे वेगळे काढावे लागतात.

## ‘आमच्याकडे चौदाच विहिरी आहेत’

बऱ्याच ठिकाणची परिस्थिती हीच आहे. १४ विहिरींच्या जोड्या ९१. पाच गटांत वाटल्या की जवळच्या अंतराच्या गटात चार-पाच जोड्या उरतात. त्यावर बसवलेला वक्र म्हणजे मनाचा खेळ.

दहा वर्षांच्या मेमधल्या नोंदी असतील तर थोडी वाट निघते. प्रत्येक वर्षाच्या जोड्या त्या वर्षाच्या आतच लावायच्या आणि मग दहा वर्षांची सरासरी घ्यायची. आलेख स्थिर होतो. पण विहिरी त्याच, म्हणून अंतरंही तीच ९१. चारशे मीटरवर काय होतं हे दहा वर्षांनंतरही कळत नाही. ते कळायला नव्या निरीक्षण विहिरीच हव्यात असं नाही. गावातल्या आठ-दहा खासगी विहिरी, एकमेकींपासून शंभर, तीनशे, सहाशे मीटरवर अशा निवडून, पंप सुरू होण्याआधी एकाच सकाळी मोजल्या, तर आलेखाची डावी बाजू भरते आणि नगेट किती हे दिसतं. त्यात पाणी विहिरीगणिक दोन-तीन मीटरने उड्या मारत असेल, तर त्या तालुक्याचा नकाशा चौदा ठिपक्यांचाच ठेवावा.